जानेवारीचा 'मोकळा दरवाजा' नेमका कोणासाठी मोकळा आहे?

ऑगस्ट संपत आला की आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. मुलाला किंवा मुलीला इंग्लंडच्या विद्यापीठाचे ऑफर लेटर आलेले असते, शिष्यवृत्तीची यादी मात्र लागलेली नसते आणि कन्सल्टंट सांगत असतो, "काळजी करू नका, जानेवारीत जा. कोर्स तोच, डिग्री तीच." कोर्स आणि डिग्री तीच असते हे खरे. बाकी बरेच काही तेच नसते, आणि या कन्सल्टंटना विद्यार्थ्यामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळते, हे आमच्या पोरांना कोणी सांगत नाही.

ब्रिटनमध्ये शैक्षणिक वर्ष सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते. हा मुख्य प्रवेश. जानेवारीचा प्रवेश दुय्यम. तो काही विद्यापीठांत आणि काही विषयांतच असतो. व्यवस्थापन, डेटा सायन्स, सार्वजनिक आरोग्य यांत तो सापडतो. कायदा, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र अशा आमच्या मुलांना खुणावणाऱ्या विषयांत, त्यातही वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठांत, तो क्वचितच असतो. म्हणजे जानेवारी निवडताना बऱ्याचदा विद्यापीठही बदलते. शिष्यवृत्ती क्यूएस क्रमवारीवर अवलंबून असेल, तर इथेच पाय घसरतो.

आता पैशाचे पाहू. चेवनिंग आणि कॉमनवेल्थ या दोन्ही शिष्यवृत्त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या कोर्सलाच मिळतात. विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांचा मोठा वाटाही सप्टेंबरच्या तुकडीसाठीच ठेवलेला असतो. जानेवारीवाल्यांना मिळते ती बहुतेक फीमधली थोडीफार सवलत. राहिल्या सरकारी योजना : केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आणि आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. त्यांचे वेळापत्रक मंत्रालयात ठरते, विद्यापीठात नाही. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या यादीतल्या १०६ निवड झालेल्यांपैकी आधी फक्त ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली आणि बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास पाहू असे कळवले गेले, हे सगळ्यांनी वाचले आहे. सप्टेंबरला जायचे आणि जुलैत हे उत्तर! मग मुले जानेवारीकडे वळतात. ही त्यांची निवड नाही, ही उशिराने लादलेली निवड आहे.

बाबासाहेबांनाही हे चुकले नव्हते. १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० साल उजाडले.

एक उदाहरण घेऊन महिने मोजू. समजा लातूरच्या एका मुलीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठी सप्टेंबर २०२६ आणि जानेवारी २०२७ असे दोन्ही पर्याय आहेत, आणि केंद्राची शिष्यवृत्ती आहे. निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड, म्हणजे महिन्याला ८२५. व्हिसासाठी लंडनबाहेरच्या विद्यार्थ्याचा जो खर्च ब्रिटिश सरकार धरते, तो महिन्याला १,१७१ पौंड आहे. म्हणजे हा भत्ता आधीच ओढून-ताणून पुरवायचा आहे.

आता ती सप्टेंबरला गेली तर काय होते? विद्यापीठाच्या वसतिगृहाचा करार साधारण सप्टेंबर ते सप्टेंबर असतो. जूनच्या आसपासच्या मुदतीत अर्ज केला तर बऱ्याच विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्याला खोलीची हमी असते. एकदा सामान ठेवले की प्रबंध देईपर्यंत हलवायचे नाही.

जानेवारीला गेली तर उरलेल्या खोल्यांतून निवडायचे, म्हणजे कोणी कोर्स सोडून गेला त्याची खोली किंवा सगळ्यात महाग स्टुडिओ. बाहेरची सामायिक घरे बहुतेक उन्हाळ्यापासून भाड्याने गेलेली असतात. खाजगी घरमालक ब्रिटनमधला जामीनदार मागतो, आणि तिथे आपला कोण बसलाय? याहून वाईट गोष्ट पुढे आहे. वसतिगृहाचा तो करार सप्टेंबरमध्ये संपतो आणि हिचा कोर्स जानेवारीपर्यंत चालतो. म्हणजे ऐन प्रबंधाच्या काळात, नवी तुकडी घरे शोधत शहरात उतरलेली असताना, हिने पुन्हा चार महिन्यांसाठी घर शोधायचे. चार महिन्यांसाठी खोली सहजी मिळत नाही. ८२५ पौंडांत दुसरे डिपॉझिट बसवायचे कसे, हे कन्सल्टंटला विचारावे.

इंटर्नशिपचे गणित तर जवळजवळ कोणीच मांडत नाही. तिथल्या मोठ्या संस्था पदवीधर भरतीचे अर्ज साधारण सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये घेतात आणि रुजू करून घेतात पुढच्या सप्टेंबरला. सप्टेंबर २०२६ ची विद्यार्थिनी पोहोचताच अर्ज करते, ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ ला प्रबंध देते आणि जवळपास त्याच सुमारास रुजू होऊ शकते. जानेवारीवाली पोहोचते तेव्हा ती फेरी बहुतांशी संपलेली असते. तिला पुढची फेरी मिळते २०२७ च्या शरदात. तोवर इंग्रजी वातावरण, प्राध्यापकांची शिफारस, हे सगळे जमलेले असते. हा जानेवारीचा खरा फायदा आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण रुजू व्हायचे सप्टेंबर २०२८ ला, आणि कोर्स व भत्ता संपतो जानेवारीत. मधले आठ महिने कोणाच्या जिवावर काढायचे? ज्याचा बाप पैसे पाठवू शकतो, त्याला ती सुट्टी आहे. आमच्या पोरीला ती परतीची तिकीट आहे.

शिवाय १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार आहे. त्यातले निम्मे वाट पाहण्यात गेले तर हाती काय उरते? आणि सरकारच्या पूर्ण शिष्यवृत्तीवर शिकलेल्याला, गेल्या १२ महिन्यांत ती मिळालेली असेल तर, या व्हिसासाठी त्या सरकारचे लेखी संमतीपत्र लागते. ते पत्र मागायला कोर्स संपण्याची वाट पाहू नये. आपल्याकडे पत्र निघायला किती दिवस लागतात हे कोणाला सांगायला हवे?

आमचे मत स्पष्ट आहे. यादी उशिरा लागली तर आधी जानेवारी मागू नका, विद्यापीठाला पत्र लिहून ऑफर पुढच्या सप्टेंबरपर्यंत डिफर करता येईल का विचारा. त्याच दिवशी शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यालयालाही लेखी विचारा की सुरुवातीची तारीख बदलली तर मंजुरी टिकते का. फोनवरचे "होईल हो" धरू नका. पीएचडीचे वेगळे आहे. तिथे वर्ग नसतात आणि मार्गदर्शक तयार असेल तर जानेवारीत सुरुवात केल्याने फारसे बिघडत नाही. मास्टर्समध्येही कोर्समध्येच प्लेसमेंट बांधलेले असेल आणि वसतिगृह कोर्स संपेपर्यंतचा करार लेखी देत असेल, तर जानेवारी खुशाल घ्या.

आणि समाजकल्याण खात्याकडे आपली मागणी फक्त जागा वाढवण्याची नसावी, तारखेचीही असावी. जाहिरात डिसेंबरमध्ये, अंतिम यादी एप्रिलअखेर, पहिला हप्ता जुलैत. वसतिगृहाच्या अर्जाची मुदत जूनमध्ये असते, ही एकच गोष्ट निवेदनात ठळक लिहा.