घरात एकच संगणक

इचलकरंजीच्या एका कापड व्यापारी कुटुंबाला संगणक घ्यावयाचा होता. वडिलांना टॅली व जीएसटीची विवरणपत्रे, आईला साड्यांच्या व्हिडिओंचे संपादन, तर मुलाला खेळ. हिशेबाला साधा संगणकही पुरतो. खर्च वाढतो तो खेळ व संपादन यांमुळे. मात्र या दोहोंची मुख्य गरज एकच, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. म्हणून त्यांनी डेस्कटॉप निवडला. त्यातील कार्ड पुढे बदलता येते. लॅपटॉपमधील बहुधा येत नाही. रॅम १६ जीबी घेतली, तीही ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत, कारण जोडीने वेग अधिक मिळतो.

खरी जोखीम वहीखात्याची होती. मुलाला वेगळे स्टँडर्ड खाते दिले, तरी टॅलीची माहिती सहसा विंडोजच्या `Public` फोल्डरात साठते आणि तो सर्वच खात्यांना खुला असतो. वडिलांनी ती स्वतःच्या खात्यातील फोल्डरात हलवली आणि टॅलीत तोच मार्ग नोंदविला. रोज सायंकाळी बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन तो काढून तिजोरीत ठेवला जातो. जोडलेलाच राहिला, तर व्हायरस त्यालाही गाठतो.