सर्किट लागलं की चार्टवर काय दिसतं?

१३ मार्च २०२०. बाजार उघडून काही मिनिटांतच निफ्टी १० टक्के कोसळला आणि सर्किट लागलं. दुपारी एकच्या आधी असं झालं की ४५ मिनिटं व्यवहार बंद राहतात. मग १५ मिनिटं ऑर्डर गोळा करून एकच भाव ठरवला जातो.

या तासाभरात चार्टवर कँडल बनत नाही. काही ॲप रिकामी जागाही सोडत नाहीत. ९:२० ची कँडल थेट १०:२० च्या कँडलला चिकटते आणि भावाने अचानक उडी मारल्यासारखं वाटतं. म्हणून खालची वेळ बघा.

त्या दिवशी सेन्सेक्स १,३२५ अंकांनी वर बंद झाला. २३ मार्चला पुन्हा सर्किट लागलं, पण व्यवहार सुरू झाल्यावर बाजार आणखी घसरला आणि सुमारे १३ टक्के खाली बंद झाला. त्यामुळे सर्किटनंतरच्या पहिल्या कँडलवरून तळ आला असं ठरवता येत नाही.