इन्व्हर्टर घेण्याआधी घरातला भार मोजा

पावसाळ्यात वादळवारा सुटला की पिंपळनेर परिसरात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. मग माणूस दुकानात जातो. दुकानदार विचारतो, "बिल किती येतं?" बिल सांगितलं की तो इन्व्हर्टर काढून देतो. माझं म्हणणं आहे की हा हिशेबच अपुरा आहे. बिलावर महिन्याचे युनिट कळतात. पण एका क्षणाला किती ओढ बसते, हे बिल सांगत नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरी असंच झालं. त्यांनी ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासाची बॅटरी आणली. पंखे, दिवे चालले. मग टाकीत पाणी चढवायला अर्ध्या एचपीची मोटर लावली, तर इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद! दादा म्हणाले, "साहेब, मोटर तर अर्धाच तास चालते, वीज खाते तरी किती?" त्यांचं खरं होतं. मोटर चालताना साधारण ६०० वॅट घेते, म्हणजे अर्ध्या तासात ०.३ युनिट. पण सुरू होतानाच्या क्षणी ती चालू भाराच्या पाच-सहा पट, म्हणजे ३००० च्या घरात ओढते. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर जेमतेम ७०० वॅट पेलतो.

म्हणून वहीत प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने आखा: वॅट, वीज गेल्यावर किती तास लागणार, आणि सुरू होतानाची ओढ. पहिल्या दोन रकान्यांवरून बॅटरी ठरते. पहिल्या आणि तिसऱ्यावरून इन्व्हर्टर ठरतो. दिवे आणि टीव्हीची सुरुवातीची ओढ धरली नाही तरी चालतं. मोटर आणि साधा फ्रिज यांची धरावीच लागते. फ्रिज सुरू होताना दिवा क्षणभर मंद होत असेल, तर ती हीच ओढ.

वॅट वस्तूच्या पट्टीवर असतात. मात्र मोटरीवरचा एचपी म्हणजे ती बाहेर देते ती ताकद, ती वीज त्याहून जास्त घेते. पट्टी पुसली असेल तर मीटरचा लाल दिवा कामी येतो. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक, तो आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. बाकी सगळं बंद करून एकच पंखा लावा आणि पाच मिनिटं मोजा. २० वेळा लुकलुकला तर तासाला २४०, म्हणजे पंखा ७५ वॅटचा. सुरुवातीची ओढ मात्र अशी सापडत नाही, ती क्षणात निघून जाते. त्यासाठी मोटरीला पाच-सहा पट धरणंच बरं.

आता त्या घराचा हिशेब पाहू. वीज गेल्यावर चार तास काढायचे आहेत. दोन पंखे १५० वॅट, चार दिवे ३६, टीव्ही ६०, असे मिळून सुमारे २५० वॅट. चार तासांचे १००० वॅट-तास झाले. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर बसते. निम्मे ९००, त्यातून इन्व्हर्टरची घट वजा केली की हाती ७५० उरतात. म्हणजे तीनच तास. दुसरी बॅटरी घ्यायची का? त्याआधी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावून पाहा. भार १५६ वर येतो, चार तासांना ६२४ लागतात. आहे तीच बॅटरी पुरते.

आणि मोटर? वीज असताना टाकी भरून ठेवा. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. दोन्ही वस्तू इन्व्हर्टरच्या वायरीतून काढल्या की ९०० व्हीए भरपूर झाला. ज्यांना मोटर चालवणं भागच आहे, त्यांनी तीन केव्हीएच्या आसपासचा आणि एकाहून जास्त बॅटऱ्यांचा संच धरावा. किंमतही तशीच मोजावी लागेल.

साक्री तालुक्याला सौरऊर्जा नवी नाही. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेमुळे आता घराघरावर पॅनेल बसत आहेत. पण बॅटरी नसलेला, लाइनला जोडलेला संच वीज गेली की आपणहून बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका. ऊन असलं तरी घरात वीज नाही. ही गोष्ट अर्ज भरताना कोणी सांगत नाही.

तेव्हा ग्रामसेवकांना आणि सरपंचांना माझी सूचना अशी की, अर्जासोबत ही तीन रकान्यांची यादी भरून घ्यावी. आणि गिऱ्हाइकानं तीच यादी दुकानदारापुढे ठेवून त्याच्याकडून बिलाच्या पाठीवर लिहून घ्यावं: यातलं काय चालेल, किती तास चालेल, आणि काय चालणार नाही.