सिम तेच, नंबर तोच. मग नव्या फोनमध्ये यूपीआय का अडकते?

समजा, नेवासा तालुक्यातील घोडेगावच्या एका कांदा उत्पादकाने नवा मोबाइल घेतला. दोन्ही सिम त्यात टाकली, पेमेंट ॲप उघडले आणि पडद्यावर आले, 'मोबाइल नंबर पडताळता आला नाही'. बँकेचे मेसेज तर येत आहेत. मग बिघडले कुठे?

पडताळणी कशी होते?

अनेकांना वाटते, बँक ओटीपी पाठवते आणि काम होते. प्रत्यक्षात उलटे घडते. ॲप तुमच्या सिमवरून एक सांकेतिक एसएमएस बाहेर पाठवते. तो कोणत्या नंबरवरून आला, हे मोबाइल नेटवर्कच सांगते. हा नंबर बँकेतील नोंदीशी जुळला, की त्या फोनची ओळख खात्याशी जोडली जाते. यालाच 'डिव्हाइस बाइंडिंग' म्हणतात. फोन बदलला की ही जोडणी नव्याने करावी लागते.

अडते कुठे?

या शेतकऱ्याचे इंटरनेट पहिल्या सिमवर चालते. बँकेत नोंदवलेले सिम दुसरे, आणि त्याचा रिचार्ज नुकताच संपलेला. वैधता संपली की आधी आउटगोइंग बंद होते. मेसेज मात्र काही दिवस येत राहतात. त्यामुळे सिम चालू आहे असे वाटते, पण ॲपचा एसएमएस बाहेर पडत नाही.

कसे ओळखायचे?

बँकेत नोंदवलेल्या सिमवरून घरातल्या कोणाला तरी साधा एसएमएस पाठवून पाहा. तो गेला नाही, तर दोष रिचार्जचा किंवा रेंजचा आहे. रिचार्ज करताना पॅकमध्ये एसएमएस आहेत का, हेही बघा. एसएमएस जात असेल, तर ॲपमध्ये योग्य सिम निवडले आहे का आणि ॲपला एसएमएसची परवानगी दिली आहे का, ते तपासा. तरीही अडले, तर बँकेत जुनाच नंबर नोंदलेला असू शकतो. त्यासाठी शाखेत जाऊन नंबर बदलावा लागेल.

सिम कार्डच नवे घेतले असेल, तर पहिले 24 तास त्यावरचे एसएमएस बंद असतात. तेव्हा वारंवार प्रयत्न करू नका. काही ॲप त्यामुळे तात्पुरते लॉक होतात. जोडणी झाल्यावरही अनेक बँका पहिल्या 24 तासांत 5,000 रुपयांपर्यंतच व्यवहार करू देतात. मजुरी किंवा खताचे पैसे द्यायचे असतील, तर रोख रकमेची सोय आधीच ठेवावी.

इतकी कडक अट कशाला?

पिन कळला तरी चोराला स्वतःच्या फोनवर तुमचे खाते उघडता येऊ नये, यासाठी. म्हणूनच 'मदत करतो' म्हणत कोणी अक्षर-अंकांचा विचित्र मजकूर पाठवून तो तुमच्या सिमवरून एखाद्या नंबरवर पाठवायला सांगितला, तर पाठवू नका. त्या एका एसएमएसने तुमचा नंबर त्याच्या फोनशी जोडला जाऊ शकतो.