माणच्या माध्यान्हीची वीज

वीज दिवसा स्वस्त आणि सायंकाळी महाग, हा हिशेब आमच्या वाचकांना नवा वाटणे साहजिक आहे. महाराष्ट्रातील कारखान्यांना पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत सवलत मिळे व सकाळी नऊ ते बारा या वेळेत अधिभार पडे. सूर्यऊर्जेने हे चक्र उलटे केले. दुपारी वीज मुबलक असते. परंतु सूर्य मावळताच ती आटते आणि नेमके त्याच वेळी घरोघर दिवे लागतात. केंद्र सरकारने २०२३ साली नियम बदलून सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर सामान्य दराहून निदान वीस टक्क्यांनी कमी असावा असे ठरविले. शेतीची वीज त्यातून वगळली. पुढे १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरधारक घरगुती ग्राहकांस सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांची सूट लागू झाली.

माण तालुक्यातील एखाद्या कुटुंबाच्या हिशेबात या सुटीचे मोल किती? हौदातील पाणी टाकीत चढविणारी मोटार तासाला सुमारे एक युनिट घेते. ती रोज एक तास चालली, तर महिन्याचे तीस युनिट होतात. आठवड्यातून दोन तास घरघंटी फिरली, तर आठ युनिट. एक दिवसाआड अर्धा तास इस्त्री केली, तर सात. ही पंचेचाळीस युनिटे पहाटेवरून किंवा रात्रीवरून दुपारकडे नेली, तर महिन्यास छत्तीस रुपये वाचतात. रक्कम लहान, पण मजुरीवर चालणाऱ्या घरास ती नगण्य नाही.

मात्र ती मिळते कोणास? दहिवडी-म्हसवडकडच्या ज्या घरात पाणी साठविण्यास हौद आहे, तेथे नळ पहाटे आला तरी मोटार नऊनंतर लावता येते. हौद नसलेल्यास नळाची वेळ हीच मोटारीची वेळ. जेथे पती-पत्नी दोघेही दिवसभर रानात वा रोजगारावर असतात, तेथे दुपारी बटण दाबणार कोण? आणि जी गृहिणी घरी असते, तिच्या माथी भर उन्हाची आणखी कामे पडतील, हेही विसरून चालणार नाही.

जुन्या मीटरला वेळेचे भान नसते. तो केवळ बेरीज करतो. म्हणून देयकात नऊ ते पाचचे युनिट वेगळे दाखविले आहेत की नाही, हे ग्राहकाने प्रथम पाहावे. ते नसतील, तर कामांची वेळ बदलून एक पैसाही वाचणार नाही.

स्थानिक संस्थांस आमचे सांगणे एवढेच की, शक्य तेथे नळाचे पाणी सकाळी नऊनंतर सोडावे. दर बदलणे त्यांच्या हाती नाही, वेळापत्रक आहे. एका चावीच्या वेळेने हौद नसलेल्या घरालाही तीच सूट पदरात पाडता येईल.