पाहुणचारानंतरची भेट



सोलापूरच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे : मुलाच्या प्रवेशाच्या कामासाठी आम्ही चौघे पाच दिवस मुंबईला खालाजानकडे राहणार आहोत. निघताना त्यांना काय द्यावे? मिठाई चालेल का?

आधी पाच दिवसांचा हिशेब पाहू. अबू शुरैह (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या हदीसनुसार पाहुणचार तीन दिवसांचा आहे. त्यापुढे यजमान जे करील तो त्याचा सदका ठरतो, आणि यजमान अडचणीत येईल इतके राहणे पाहुण्याला योग्य नाही. म्हणजे पाचपैकी शेवटचे दोन दिवस आपण खालाजानच्या मेहेरबानीवर असतो. भेट घेताना हे दोन दिवस लक्षात ठेवावेत.

त्यामुळे भेटीचा पहिला हिस्सा निघताना नव्हे, चौथ्या दिवशी सकाळी द्यावा, आणि तोही न बोलता. बाजारातून येताना त्या दिवसाचे गोश्त, भाजी, दूध आणि दोन किलो तांदूळ घेऊन यावेत. खालाजानच्या हातात पैसे ठेवले तर त्या घेणार नाहीत, शिवाय मनाला लागेल ते वेगळेच. आणलेला जिन्नस मात्र सरळ स्वयंपाकघरात जातो. गोश्त त्यांच्या नेहमीच्या दुकानातूनच घ्यावे.

आता निघतानाची भेट. सोलापूर म्हटले की चादर आठवते. पण खालाजानचे घर दोन खोल्यांचे, माणसे पाच. जाड चादर पावसाळ्यात दोन दोन दिवस वाळत नाही आणि ठेवायला जागाही लागते. आपल्या मागे त्यांच्याकडे धुण्याचे काम वाढेल अशी वस्तू नको. त्यापेक्षा सोलापूरचेच टॉवेल द्यावेत : दोन मोठे, चार लहान. पाच दिवस त्यांच्या घरचे टॉवेल आपणच वापरलेले असतात, म्हणून ही भेट शोभतेही आणि उपयोगीही पडते. गडद रंगाचा टॉवेल घेण्याआधी ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा चोळून पाहावा. रुमालाला रंग लागला तर तो टॉवेल घेऊ नये, कारण पहिल्याच धुण्यात तो इतर कपडे खराब करील.

यजमानांचे घर मोठे असेल तर चादर जरूर द्यावी. मात्र ती उलटून पाहावी. विणलेली नक्षी मागच्या बाजूलाही दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. मागची बाजू फिकट किंवा कोरी दिसली तर ती नक्षी छापलेली समजावी.

मिठाईबद्दल म्हणाल तर घरात साखरेचा आजार असलेले कोणी असेल तर ती टाळावी. त्याऐवजी शेंगदाण्याची चटणी पोहोचताच द्यावी म्हणजे सर्वांच्या ताटात येते. ती ताजी कुटलेली हवी. शेंगदाण्याला तेल सुटते आणि जुन्या चटणीला खवट वास येतो. लसूण ओला राहिला असेल तर बुरशीही धरते. म्हणून दुकानात चिमूटभर चाखून घ्यावी आणि अर्ध्या अर्ध्या किलोच्या दोन कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावी. एक डबा उघडा असताना दुसरा बंद राहतो.

भेट कोणाच्या हाती द्यावी? बहुतेक वेळा आपण ती खालूजानच्या हाती देतो. पण पाच दिवस चुलीपुढे खालाजान आणि त्यांची सून उभ्या होत्या. टॉवेल खालाजानच्या हाती द्यावेत, आणि सुनेसाठी वेगळी, तिच्या एकटीची छोटी वस्तू असावी, जसे अत्तराची कुपी किंवा दुपट्टा. "भाभी, हे तुमच्यासाठी" एवढे म्हटले तरी पुरे. भेट फार महागही नको, नाहीतर त्यांना परतफेडीची काळजी लागते आणि पुढच्या वेळी आपल्याकडे यायला त्या कचरतात.

शेवटची भेट पैशाची नाही. अब्दुल्लाह बिन बुस्र (रजि.) यांच्या घरी प्रेषित (स.) जेवले. निघताना त्यांच्या वडिलांनी स्वारीचा लगाम धरून दुआची विनंती केली, तेव्हा आपण (स.) त्या घरासाठी रिज्कात बरकत, मगफिरत आणि रहमत मागितली. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. दारात सामान उचलण्याच्या घाईत हे राहून जाते. मुलांना चपला घालण्याआधी दोन मिनिटे बसवावे आणि घरातल्या सर्वांसमोर ही दुआ करावी. सोलापूरला पोहोचल्यावर त्याच रात्री खालाजानला फोन करावा : पोहोचलो, आणि मुलाच्या प्रवेशाचे काय झाले तेही सांगावे. ते ऐकायला त्या जाग्या असतात.