खजुराचं वजन करताना बी कुठे जाते?

मागच्या वर्षी गरोदरपणात माझी साखर वाढली. आहारतज्ज्ञांनी मधल्या वेळच्या गोड खाण्यासाठी 15 ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा घालून दिली. तासाभराने बोट टोचून साखर पाहायची आणि खाल्लेलं सगळं फोनमध्ये नोंदवायचं. प्रयोगशाळेत मिलिग्रॅममध्ये वजनं करणारी मी, तेव्हा वाटलं, हे काय अवघड आहे!

पहिल्याच आठवड्यात फसले. दोन मेजूल खजूर खाल्ले, ॲपमध्ये "खजूर, 1 नग" शोधलं आणि 2 लिहिलं. ॲपने साधारण साडेदहा ग्रॅम कर्बोदकं दाखवली. मीटर मात्र मर्यादेच्या बराच वर गेला. दुसऱ्या दिवशी तेच खाल्लं आणि तेच झालं. तेव्हा कुठे नोंद उघडून नीट वाचली, तर ती डेगलेट नूरची होती. अमेरिकी कृषी खात्याच्या सारणीत बी काढलेला एक डेगलेट नूर 7 ग्रॅमचा धरतात आणि एक मेजूल 24 ग्रॅमचा. दोन्हींच्या दर 100 ग्रॅममध्ये 75 ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे माझ्या पोटात 36 ग्रॅम गेली होती. माझं मत तेव्हापासून ठाम आहे: खजूर नगावर नोंदवू नका, काट्यावर ठेवा.

पण काटा आला की बीचा प्रश्न येतो. सारणीतले 100 ग्रॅम हे खाण्याजोग्या भागाचे असतात, बी त्यात धरलेली नसते. आपल्याकडच्या वाणसामानाच्या दुकानात मिळणारा खजूर बहुतेकदा बियांसकट असतो. मी पाच डेगलेट नूर तोलले, ते 40 ग्रॅम भरले. खाऊन झाल्यावर बिया तोलल्या, त्या 4 ग्रॅम भरल्या. बियांसकट नोंदवलं असतं तर 30 ग्रॅम कर्बोदकं दिसली असती, खरी होती 27. बीमुळे आकडा नेहमी फुगतोच, कधी कमी होत नाही. निव्वळ कॅलरी मोजणाऱ्याने तीन ग्रॅमसाठी डोकं शिणवू नये असं मला वाटतं. पण जेवणाआधीचं इन्सुलिन कर्बोदकांवरून ठरवणाऱ्या माणसाला न खाल्लेल्या साखरेचं इन्सुलिन टोचणं परवडत नाही.

यावर उपाय अगदी सोपा आहे. खजुराचा अख्खा डबाच काट्यावर ठेवा आणि टेअर दाबून शून्य करा. हवे तेवढे खजूर काढा, खा आणि बिया काट्यावर डब्याशेजारी टाका. काटा आता उणे आकडा दाखवेल, समजा −36. तेवढंच तुमच्या पोटात गेलं. वजाबाकी नको आणि चिकट बोटांनी दोनदा तोलणंही नको. फक्त काटा मध्येच आपोआप बंद होणारा असेल तर शून्य हरवतं. अशा वेळी डब्याचं आधीचं आणि नंतरचं वजन लिहून ठेवा, नंतरच्या वजनात बिया धरून.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. तिथल्या अधिकृत अन्नसारणीत "बियांसकट तोललेला खजूर" अशी वेगळी नोंद आहे. ती निवडलीत तर बी पुन्हा वजा करू नका. शिवाय तिथल्या पाकिटावरच्या कर्बोदकांत तंतू धरत नाहीत, अमेरिकेत धरतात. त्यामुळे तोच मेजूल एकीकडे 75 आणि दुसरीकडे 68 दिसतो.

आता बेदाणे. हे नावच बे-दाणा, म्हणजे बी नसलेला, तेव्हा इथे चूक कशी होणार? झाली, आणि उलट दिशेने. बेदाणे आपण तोलत नाही, मुठीने घेतो. माझी "छोटी मूठ" 32 ग्रॅम भरली, म्हणजे 25 ग्रॅम कर्बोदकं. माझ्या मर्यादेत जेमतेम 19 ग्रॅम बेदाणे बसत होते. कपाचा हिशोबही बेभरवशाचा आहे. सारणीत सैल भरलेला कप 145 ग्रॅमचा आणि दाबून भरलेला 165 ग्रॅमचा आहे.

आणि एक खोड काट्याचीच. एक बेदाणा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. स्वयंपाकघरातले बरेच काटे शून्याजवळचा बारीक, सावकाश बदल म्हणजे आपलंच सरकणं समजून पुसून टाकतात. एकेक बेदाणा वाटीत टाकत गेलात तर दहा पडले तरी काटा शून्यावर ढिम्म. म्हणून मूठभर एकदम टाका आणि जास्तीचे काढून घ्या. शंका आली तर बेदाणे काढून रिकामी वाटी पुन्हा ठेवा. काटा शून्यावर आला नाही तर आधीचा आकडा खोटा होता.

बाळ आता सहा महिन्यांचं आहे, माझी साखर उतरली आहे. डबा अजून काट्याशेजारीच असतो. पाहुणे आले की मात्र मी तो आत ठेवते, कारण सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "अगं, बिया मोजून परत करायच्या असतात का दुकानात?"